मामाचे पत्र आणि फ्रेंच भाषेतील सात वार : एका पाठाची आखणी

(देहू येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



मागील बैठकीत आपल्यापैकी काही जणांनी असे विचारले होते की, शनिवारच्या सकाळच्या शाळेत एखादा तास फ्रेंच भाषेच्या ओळखीसाठी देता येईल काय, आणि देता आला तर त्या तासात नेमके करावयाचे काय? पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत काम करणारे पालक अशी विचारणा करतात, हे मी जाणतो. त्यांना आपण आरंभीच एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. फ्रेंच भाषेची अगदी पहिली, म्हणजे ‘अ-१’ म्हणून ओळखली जाणारी पायरी गाठण्यास सामान्यतः साठ ते शंभर तासांचे अध्यापन लागते. आपले वीस शनिवार धरले आणि प्रत्येकी पस्तीस मिनिटे दिली, तर बारा तासही भरत नाहीत. तेव्हा मूल फ्रेंच बोलू लागेल अशी आशा कोणास दाखवू नये. बारा तासांत होण्यासारखे आहे ते एवढेच की, परक्या भाषेतील शेपन्नास शब्द व दहाबारा वाक्ये मुलांच्या तोंडी शुद्ध उच्चारासह बसावीत आणि ती कानावर पडताच मुलांना कळावीत.

आज मी वीस पाठांची जंत्री देणार नाही. एकच पाठ घेतो आणि तो तपशिलाने मांडतो. पाठ आहे सात वारांचा. इयत्ता पाचवी, मुले चाळीस, वेळ पस्तीस मिनिटे.

वारच का निवडले, असे कोणी विचारील. पुष्कळ पुस्तकांत पहिला धडा रंगांचा किंवा फळांचा असतो. परंतु वारांच्या बाबतीत मराठी मुलाच्या हाती एक किल्ली आधीपासूनच आहे. आपले वार ग्रहांच्या नावांवरून पडले आहेत. फ्रेंच वारही बहुतांशी तसेच पडले आहेत, आणि ग्रहांचा क्रमही तोच आहे. सोमवारास फ्रेंच भाषेत ‘लॅंदी’ म्हणतात. त्यात ल्यून म्हणजे चंद्र आहे, आणि आपला सोम म्हणजेही चंद्रच. मंगळवार म्हणजे ‘मार्दी’. त्यात मार्स, म्हणजे मंगळ. बुधवार ‘मेर्क्रदी’, त्यात मर्क्युरी, म्हणजे बुध. गुरुवार ‘झदी’, हा शब्द ज्युपिटरच्या लॅटिन नावावरून आला आहे, आणि ज्युपिटर म्हणजे गुरू. शुक्रवार ‘वांद्रदी’, त्यात व्हीनस, म्हणजे शुक्र. शेवटी येणारा ‘दी’ हा लॅटिन भाषेतील दिवसवाचक शब्दाचा अवशेष असून आपला ‘दिवस’ हा शब्द त्याच प्राचीन मूळाचा आहे. ज्या मुलास सोमवार ते शुक्रवार येतात, त्यास हे पाच शब्द निव्वळ घोकावे लागत नाहीत.

उरलेले दोन वार मात्र ग्रहांचे नाहीत, आणि तेथे शिक्षकाने सावध असले पाहिजे. शनिवार म्हणजे ‘साम्दी’. हा शब्द शनीवरून आलेला नसून ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या नावावरून आला आहे. रविवार म्हणजे ‘दिमांश’. त्यात सूर्य नाही, ‘प्रभूचा दिवस’ असा त्याचा मूळ अर्थ आहे, आणि इतर सहांच्या शेवटी येणारा ‘दी’ येथे आरंभी येऊन बसला आहे. गंमत अशी की, इंग्रजीत याच्या उलट घडले आहे. तेथे रवी, सोम आणि शनी हे तीन आपल्याशी जुळतात व मधले चार जुळत नाहीत. मुलांना इंग्रजी वार येत असतील तर तिन्ही भाषांतील सात-सात नावे शेजारी मांडून कोणते जुळते व कोणते नाही, एवढे त्यांनाच शोधू द्यावे. हे काम मात्र पहिल्या शनिवारी करू नये. कान तयार झाल्यावर, चौथ्या-पाचव्या आठवड्यात करावे.

आता उच्चाराकडे वळू. माझ्या मते या पाठाचे यशापयश येथेच ठरते, म्हणून जरा थांबून बोलतो.

प्रथम आपल्या सोयीची गोष्ट. फ्रेंच भाषेतील ‘त’ आणि ‘द’ हे आपल्या ‘त’ आणि ‘द’ प्रमाणेच दातांवर जीभ टेकवून उच्चारले जातात. इंग्रज मुलास हे शिकावे लागते. आपल्या मुलास ते जन्मतःच येते. असे असूनही वर्गात ‘मार्डी’, ‘साम्डी’ असे ऐकू येते. याचे कारण मूल नव्हे. परकी भाषा म्हटली की ती इंग्रजीसारखी, अशी आपणा मोठ्यांची समजूत असते आणि शिक्षकाच्या तोंडून नकळत ‘ड’ बाहेर पडतो. तेव्हा पहिला नियम असा की, सातही शब्दांत ‘दी’ हा ‘दिवा’ या शब्दातल्यासारखाच म्हणावा.

दुसरी गोष्ट अडचणीची आहे. मी वर ‘लॅंदी’, ‘वांद्रदी’, ‘दिमांश’ असे लिहून दाखविले, पण तो अनुस्वार फसवा आहे. मराठीत ‘द’च्या आधी अनुस्वार आला की आपण तेथे स्पष्ट ‘न’ उच्चारतो. ‘वांद्रे’ हे गावाचे नाव आपण ‘वान्द्रे’ असेच म्हणतो. फ्रेंचमध्ये तेथे ‘न’ नाही. स्वरच नाकातून निघतो आणि जीभ वर जातच नाही. हे मुलांना समजावून सांगू लागलात तर कोणासही समजणार नाही. त्यापेक्षा त्यांच्या रोजच्या बोलण्यातला एक उद्गार घ्यावा. आपण हळू काही बोललो आणि मुलाला ऐकू आले नाही, तर ते ‘आँ?’ असे विचारते. हाच ‘आँ’ शुक्रवारात आणि रविवारात आहे. शिक्षकाने अगदी हळू आवाजात काहीतरी पुटपुटावे, वर्ग ‘आँ?’ म्हणेल, लगेच तोच स्वर लांबवून ‘वाँऽऽ’ म्हणवून घ्यावा, क्षणभर थांबावे, आणि मग ‘द्रदी’ जोडावे. मध्ये थांबणे महत्त्वाचे आहे, कारण थांबल्यावाचून ‘न’ शिरतोच. तो शिरला की नाही हे डोळ्यांनीही ओळखता येते. ‘वाँऽऽ’ म्हणताना मुलाचे तोंड उघडे आणि जीभ खाली दिसली पाहिजे. जिभेचे टोक वरच्या दातांमागे गेलेले दिसले तर ‘न’ आलाच म्हणून समजावे.

येथे आपल्या पट्ट्यातील शाळांना एक अनपेक्षित साहाय्य आहे. कारखान्यांच्या निमित्ताने उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या कुटुंबांची मुले आपल्या वर्गांत बसतात आणि मराठीच्या तासाला ती मागे पडतात, ही आपली नेहमीची चिंता असते. हिंदी भाषेत मात्र ‘माँ’, ‘कहाँ’, ‘हाँ’ या शब्दांतला शुद्ध अनुनासिक स्वर रोजच्या वापरात आहे. ‘वांद्रदी’ म्हणण्यात ही मुले आपल्या मुलांहून सरस ठरतात. हा उच्चार प्रथम त्यांच्याकडून म्हणवून घ्यावा आणि बाकीच्यांनी त्यांचे ऐकून म्हणावे. इंद्रायणीकाठच्या एका शाळेत मी हे पाहिले आहे. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी एक मुलगी त्या दिवशी उभी राहून वर्गाला ‘आँ’ शिकवीत होती, आणि पुढच्या बाकांवरची हुशार मंडळी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

तिसरी अडचण गुरुवाराची. ‘झदी’ मधला पहिला वर्ण ‘झाड’मधला नव्हे आणि ‘झरा’मधलाही नव्हे. तो साधण्यासाठी मुलांना गळ्यावर हात ठेवून लांब ‘श्श्श्’ म्हणावयास सांगावे. गळा स्वस्थ राहतो. तोच ‘श्श्श्’ चालू ठेवून आता भुंग्यासारखा आवाज मिसळावयास सांगावे. गळा थरथरू लागतो. हाच तो वर्ण. ‘बोंझूर’ या नमस्कारवाचक शब्दातही तोच आहे. झदीतला पुढचा स्वर ओठ गोल करून म्हटलेल्या ‘ए’सारखा आहे, तो पहिल्या महिन्यात साधला नाही तरी अडत नाही. फ्रेंच ‘र’ घशातून येतो. आपला ‘र’ मुलांनी म्हटला तरी ऐकणाऱ्याला शब्द कळतो. तेव्हा त्यासाठी मुलांना खाकरावयास लावून वर्गाचा दवाखाना करू नये.

ज्या शिक्षकास फ्रेंच मुळीच येत नाही त्याने हा पाठ घ्यावा काय? घ्यावा, मात्र सात वार, एक नमस्कार आणि एक निरोपाचा शब्द एवढेच त्याचे भांडवल असावे व ते पक्के असावे. फ्रेंच माणसाच्या आवाजातील ध्वनिमुद्रण मोबाइलवर सहज मिळते. प्रत्येक शब्द आधी वीस वेळा नुसता ऐकावा, मग म्हणावा, आणि आपलाच आवाज मुद्रित करून मूळ आवाजाशेजारी ठेवून पाहावा. पुण्यात आलियाँस फ्राँसेझ ही संस्था आहे, तसेच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभागही फ्रेंच शिकवितो. केंद्रातील एका शिक्षकाने तेथील जाणकारापुढे आपला उच्चार एकदा तपासून घेतला, तर बाकीच्यांची सोय होईल.

आता प्रत्यक्ष पाठ.

साहित्य म्हणून सात जुनी पोस्टकार्डे किंवा त्या आकाराचे पुठ्ठे घ्यावेत, आणि दोन गट करावयाचे असल्याने असे दोन संच करावेत. पाच पुठ्ठ्यांवर चित्रे काढावीत : चंद्रकोर, तांबडा गोळा म्हणजे मंगळ, सूर्याशेजारी लहानसा ठिपका म्हणजे बुध, पट्टे असलेला मोठा गोळा म्हणजे गुरू, आणि क्षितिजावर ठळक चांदणी म्हणजे शुक्र. शनिवारासाठी दप्तर व उगवता सूर्य, अर्थात सकाळची शाळा. आणि रविवारासाठी घर. शनीचे कडे किंवा भर दुपारचा सूर्य या दोघांवर काढू नये, याचे कारण वर आलेच आहे. पुठ्ठ्यांवर अक्षर एकही नसावे, देवनागरी नाही आणि रोमनही नाही. देवनागरीत लिहिले की मूल वाचते आणि ‘वान्द्रदी’ म्हणते. रोमनमध्ये लिहिले की इंग्रजीप्रमाणे वाचून गुरुवाराचे ‘ज्यूडी’ आणि रविवाराचे ‘डायमंच’ करते. लेखन पहिले चार आठवडे नकोच. पुढे जेव्हा लिहाल तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फ्रेंच लोक वाराचे पहिले अक्षर मोठे काढीत नाहीत, आणि त्यांचा आठवडा सोमवारी सुरू होतो.

पहिली तीन मिनिटे नमस्काराची. शिक्षकाने दारातून आत येऊन ‘बोंझूर’ म्हणावे, आणि प्रत्येक रांगेने उत्तर द्यावे. त्यानंतर सात मिनिटे केवळ ऐकण्याची. या सात मिनिटांत मुलांनी तोंड उघडावयाचे नाही, आणि शिक्षकास हेच सर्वांत जड जाते. शिक्षकाने एकेक चित्र वर धरून त्याचा वार तीनदा स्पष्ट म्हणावा. सात शब्द एकदम देऊ नयेत. प्रथम चंद्र, मंगळ, शुक्र असे तीन. ते दोनदा फिरवून मग बुध व गुरू. शेवटी दप्तर आणि घर. आपण म्हणण्याची घाई केली तर मूल ऐकलेला आवाज सोडून आपल्याच चुकीच्या आवाजाची नक्कल करू लागते.

पुढची सहा मिनिटे ओळखण्याची. सातही चित्रे वर्गाच्या भिंतींवर दूरदूर लावावीत. शिक्षकाने ‘मेर्क्रदी’ म्हणताच सर्वांनी जागेवरूनच बुधाच्या चित्राकडे बोट दाखवावे. हे दोनदा झाले की ‘शिवाजी म्हणतो’ हा आपला खेळ त्यात मिसळावा : ‘शिवाजी म्हणतो, झदी’ असे म्हटले तरच बोट दाखवावयाचे, नुसते ‘झदी’ म्हटले तर हात खाली. फ्रान्समधील मुलेही हाच खेळ खेळतात, केवळ तेथे शिवाजीच्या जागी ‘झाक’ नावाचा गडी आज्ञा देतो. या खेळात एक लबाडी होते. अर्धा वर्ग पुढच्या मुलाच्या बोटाकडे पाहून आपले बोट फिरवितो. ती ओळखण्याचा उपाय सोपा आहे. एकदा सर्वांना डोळे मिटावयास सांगून वार म्हणावा. मिटल्या डोळ्यांनी जी बोटे योग्य भिंतीकडे वळतात, त्यांनाच शब्द कळला आहे.

आता मुख्य खेळ. त्यास बारा मिनिटे. आपला ‘मामाचं पत्र’ हा खेळ आपणां सर्वांस ठाऊक आहे. मुले गोल बसतात, एक जण बाहेरून धावत एखाद्याच्या पाठीमागे पत्र टाकतो, ज्याच्या मागे पत्र पडले तो उठून पाठलाग करतो. मला पहिल्यांदा कळले तेव्हा नवल वाटले की, फ्रान्समधील मुलांतही हाच खेळ आहे. तेथेही पत्रच आहे, फक्त मामाऐवजी पोस्टमन आहे. आणि त्याहून आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की, पोस्टमन फेरी घालीत असता गोलातील मुले जे म्हणतात त्यात आठवड्याचे वार ओळीने येतात. अर्थात वार शिकविण्यासाठी हा खेळ आपण जुळवून आणलेला नसून तेथील मुलांनी तो पूर्वीपासूनच तसा खेळलेला आहे.

चाळीस मुलांचा एकच गोल करू नये. फेरी लांबते आणि बसलेली मुले कंटाळतात. वीस-वीसांचे दोन गोल अंगणात करावेत. पोस्टमनाच्या हाती सातांपैकी एक पुठ्ठा द्यावा. तो गोलाबाहेरून चालू लागला की बसलेल्या मुलांनी टाळीच्या ठेक्यावर सात वार म्हणावयाचे, आणि ‘दिमांश’ म्हणण्याच्या आत त्याने पुठ्ठा कोणाच्या तरी मागे ठेवलाच पाहिजे. दिमांश झाले की सर्वांनी मागे पाहावे. पुठ्ठा मिळालेल्या मुलाने उठून तो वर धरावा, त्यावरील चित्राचा वार मोठ्याने म्हणावा, आणि म्हटल्यानंतरच धावावे.

हा शेवटचा नियम म्हणजे या पाठाचा कणा होय. तो नसेल तर अंगणात धावणे उत्तम होईल आणि फ्रेंच काहीच होणार नाही. पोस्टमनाने मोकळी जागा गाठेपर्यंत पाठलाग करणाऱ्याला शब्द आठवलाच पाहिजे, ही घाई मुलाला शब्द लवकर बाहेर काढावयास लावते. शब्द आठवला नाही तर दोन्ही शेजाऱ्यांनी कानात सांगावे. कोणासही बाद करू नये. जे बाद होते त्यालाच सरावाची गरज सर्वांहून अधिक असते. मूळ खेळात पोस्टमन पकडला गेला तर त्याचीच पाळी पुन्हा येते. आपण ते बदलावे : पकडला जावो वा न जावो, पत्र मिळालेला मुलगा किंवा मुलगीच पुढचा पोस्टमन. ज्याची पाळी झाली त्याने हाताची घडी घालून बसावे, म्हणजे पोस्टमनास कळते की तेथे पत्र टाकावयाचे नाही. वार त्यानेही म्हणावयाचेच, फक्त टाळी इतरांनी द्यावी.

एका फेरीस सरासरी चाळीस सेकंद लागतात. बारा मिनिटांत अठरा फेऱ्या होतात. पहिला पोस्टमन धरून प्रत्येक गोलात एकोणीस मुलांची पाळी येते. राहिलेले एक मूल पुढच्या शनिवारी पहिला पोस्टमन. त्याचे नाव शिक्षकाने टिपून ठेवावे. आपण विसरलो तरी ते मूल विसरत नाही.

दोन गोल आणि शिक्षक एक, तेव्हा दुसऱ्या गोलावर कोण? तेथे सातवीतील एक विद्यार्थी बसवावा, पण त्यास आदल्या दिवशी सातही शब्द शिकवून ठेवावेत. त्याचे काम उच्चार सुधारण्याचे नाही. वार म्हणण्याआधी कोणी धावत नाही ना, एवढेच त्याने पाहावे.

यानंतरची चार मिनिटे गाण्याची. धावून दमलेली मुले खाली बसली की तेच सात वार संथ चालीवर म्हणावयाचे. चाल परकी नको. मुलांच्या ओठांवर असलेली भोंडल्याची किंवा झिम्म्याची एखादी चाल घ्यावी, पहिल्या ओळीत चार वार, दुसरीत तीन, आणि शेवटचा वार लांबवावा. येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. ‘दिमांश’च्या लेखनात शेवटी एक मुका स्वर असतो. बोलताना तो गळतो, परंतु फ्रेंच गाण्यांत तो पुष्कळदा उच्चारला जातो व ‘दिमांशऽ’ असे होते. म्हणून गाण्यात तसे म्हटले तर ते चूक नव्हे. बोलताना तसे म्हटले तर मात्र कानाला खटकते.

तयार फ्रेंच बालगीते घ्यावीत काय, असे कोणी विचारील. घ्यावीत, पण अर्थ जाणून. ‘आलुएत्’ हे गाणे फार प्रसिद्ध आहे आणि डोके, चोच, मान अशी अवयवांची नावे शिकविण्यासाठी ते सर्रास वापरतात. त्याचा अर्थ असा की, एका चंडोल पक्ष्याची पिसे एकेका अवयवावरून उपटावयाची आहेत. आपल्या मुलांना अर्थ विचारण्याची चांगली सवय आहे. तेव्हा काय उत्तर द्यावयाचे ते शिक्षकाने आधी ठरवावे, नाहीतर दुसरे गाणे शोधावे.

शेवटची तीन मिनिटे निरोपाची. ‘आज कोणता वार?’ असे विचारून ‘साम्दी’ हे उत्तर घ्यावे. मग ‘उद्या?’ म्हणजे ‘दिमांश’. आणि ‘ओ रव्वार’ म्हणून वर्ग सोडावा. दारातून बाहेर पडताना प्रत्येक मुलाने आपल्या गावच्या आठवडी बाजाराचा वार फ्रेंचमध्ये म्हणून जावे. वेगवेगळ्या गावांची मुले असतील तर उत्तरेही वेगवेगळी येतात आणि नक्कल करता येत नाही.

आता हा पाठ कोठे फसतो ते सांगतो. मघाच्याच त्या शाळेत तिसऱ्या शनिवारी मी गेलो, तेव्हा मुलांनी सातही वार एका दमात म्हणून दाखविले व शिक्षकांचा चेहरा खुलला. मी गुरूचे चित्र उचलून एका मुलासमोर धरले. तो बोटे मोडीत ओठांतल्या ओठांत ‘लॅंदी, मार्दी, मेर्क्रदी’ करीत चौथ्या बोटावर येऊन थांबला आणि मग ‘झदी’ म्हणाला. त्याला माळ येत होती, मणी येत नव्हता. पाढ्यांच्या बाबतीत हा अनुभव आपणां सर्वांना आहे. सात नव्वे त्रेसष्ट सांगण्यासाठी मूल सात एके सातपासून निघते. यावर त्या शिक्षकांनी केलेला उपाय मला आवडला. चौथ्या शनिवारपासून खेळात वार म्हणण्याचा आरंभ त्यांनी सोमवारऐवजी पोस्टमनाच्या हातातील पुठ्ठ्याच्या वारापासून करविला. हाती शुक्र असेल तर वांद्रदी, साम्दी, दिमांश, लॅंदी असे पुढे जावयाचे आणि झदीवर थांबावयाचे. पुठ्ठा मात्र प्रत्येक फेरीस बदलावयाचा. पहिल्या दिवशी गोंधळ झाला, खेळ मंदावला, दोन मुले चिडलीही. सहाव्या शनिवारी मी पुन्हा गेलो तेव्हा अडतीसांपैकी बहुतेकांनी बोटे न मोजता उत्तर दिले. मेर्क्रदी तेवढा अनेकांना जड जात होता. त्यात दोन ‘र’ जवळजवळ येतात, तेव्हा ते साहजिक आहे.

वार आले की त्यांच्या आधारे तेथील शाळेची एक गोष्ट मुलांना सांगता येते. फ्रान्समधील शाळांना रविवारखेरीज आठवड्याच्या मध्येही एक सुटी असे, आणि ती दीर्घकाळ गुरुवारी होती; १९७२ पासून ती बुधवारी आली. त्या जुन्या काळापासून फ्रेंच भाषेत ‘चार गुरुवारांचा आठवडा’ असा वाक्प्रचार आहे. आठवड्यात चार सुट्या कधी येणार? अर्थात कधीच नाही. कधीही न घडणाऱ्या गोष्टीसाठी तो वापरतात. हा अर्थ मुलांना सांगू नये, ओळखावयास लावावा. ‘झदी’ला शाळा नसे एवढी खूण दिली तर पाचवीची मुले तो ओळखतात.

पुढच्या पाठांविषयी थोडक्यात. एक ते आठ हे आकडे ठिकरीच्या खेळावर घ्यावेत. फ्रेंच मुलेही अंगणात घरे आखून लंगडी घालीत खडा सरकवितात. त्यांच्या आखणीत एका टोकास ‘धरती’ आणि दुसऱ्या टोकास ‘आकाश’ असते व मध्ये आकडे असतात. पुढे मोठे आकडे आले की शिक्षकच घाबरतात, कारण फ्रेंच लोक ऐंशीला ‘चार वीस’ म्हणतात. आपल्या गावातील वृद्ध माणसे अजूनही ‘चार विसा’ म्हणून हिशेब करतात. तेव्हा मुलांना आजीकडे पाठवावे, हा आकडा तीच समजावून देईल. ‘त्यू’ आणि ‘वू’ या दोन सर्वनामांसाठी इंग्रजीची वाट धरू नये. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांनी काम भागते. मित्राला त्यू, गुरुजींना वू. मात्र आपण आईला ‘तू’ म्हणतो व वडिलांना कित्येक घरांत ‘तुम्ही’ म्हणतो, तसा भेद आजच्या फ्रेंच घरांत सहसा नसतो. तेथे दोघांनाही त्यूच म्हणतात.

देहूच्या शिक्षकांसाठी एक माहिती जाता जाता देतो. तुकोबांच्या निवडक अभंगांचा फ्रेंच अनुवाद गी दल्यरी यांनी केला आणि तो १९५६ मध्ये पॅरिसच्या गालिमार या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. सहावी-सातवीच्या मुलांना जगाच्या नकाशावर देहू आणि पॅरिस दाखविताना ती सांगण्यासारखी आहे.

ज्या शाळांना हा पाठ करून पाहावयाचा असेल त्यांनी पुठ्ठ्यांचे दोन संच स्वतःच तयार करावेत. विकत आणू नयेत. तिसऱ्या आणि सहाव्या शनिवारी प्रत्येक मुलास सातांपैकी तीन चित्रे क्रम सोडून दाखवावीत आणि तिन्ही वार बोटे न मोजता किती जणांनी सांगितले, एवढी एकच संख्या वहीत लिहावी. पुढील केंद्रसंमेलनास येताना ती वही आणि मुलांना कोणता वार सर्वांत जड गेला त्याची नोंद बरोबर आणावी. मेर्क्रदीवर काही उपाय कोणास सापडला असेल, तर त्यांचा पाठ आपण त्या दिवशी सर्वांत आधी घेऊ.